कोलातलं आम्ल दातांचं काय करतं, आणि हाडांचं काय

काचेच्या पेल्यात कोला ओतलेला, त्यात एक पडलेला दात सोडलेला. पुढच्या दृश्यात दात तपकिरी, खडबडीत, बोटानं खरवडला की भुगा. असे व्हिडिओ दर काही महिन्यांनी मोबाइलवर येतात आणि खाली दोन गट जुंपतात. एकाच्या मते कोला म्हणजे पेल्यातलं विष, दुसऱ्याच्या मते सगळी थाप.

हा वाद मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. कॉर्नेल विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक क्लाइव्ह मॅके यांनी १९५० साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली होती, की कोलात ठेवलेले दात मऊ पडून विरघळू लागतात. ते खरंही होतं. फक्त आपले दात कोलात दिवसभर बुडालेले नसतात आणि तोंड म्हणजे पेला नव्हे. पेल्यात लाळ नसते. गोष्टीचा सगळा मतलब त्या लाळेत आहे.

किती आंबट, आणि आंबट म्हणजे काय

आम्लता मोजायची पट्टी म्हणजे पीएच, शाळेच्या पुस्तकातला सामू. शुद्ध पाणी सातवर. आकडा जितका खाली, तितकं आम्ल तीव्र. ही पट्टी साधी नाही, तिची एक पायरी म्हणजे दहापट. सातवरून सहावर आलं की आम्लता दहापट झाली, पाचवर आलं की शंभरपट.

साध्या कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो. दातांच्या बाबतीत लक्षात ठेवायचा आकडा आहे साडेपाच. तोंडातला ओलावा त्याच्या खाली गेला की दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं. साडेपाच ते अडीच म्हणजे तीन पायऱ्या, म्हणजे हजारपट. कोलाचा घोट त्या सीमेच्या थोडासा नव्हे, हजारपट पलीकडे असतो.

हे आकडे जिभेला का जाणवत नाहीत? कारण साखर. शंभर मिलिलिटर कोलात साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते आणि ती आंबटपणा झाकून टाकते. खरं तर उलटं म्हणायला हवं: इतकी साखर नुसती पाण्यात घातली तर पेय मिट्ट लागेल, म्हणून ते चरचरीत करायला फॉस्फोरिक आम्ल घालतात. ते स्वस्त आहे, फळाचा वास नसलेला कोरा आंबटपणा देतं आणि थोडं पुरतं. लिटरभर कोलात ते जेमतेम अर्धा ग्रॅम असतं.

अर्धा ग्रॅम ऐकून कुणी म्हणेल, एवढ्यानं काय होतंय? याचं उत्तर दंतवैद्याच्या टेबलावर आहे. दाताच्या रंगाचं फिलिंग नीट चिकटावं म्हणून दंतवैद्य इनॅमलवर आधी एक जेल लावतात, बहुतेक वेळा निळ्या रंगाची. ती असते साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची. पंधरा ते तीस सेकंदांत ती गुळगुळीत इनॅमलचा पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांचा करते आणि मग धुऊन टाकतात. कोलातलं आम्ल त्याच्या कित्येक शेपट पातळ आहे, त्यामुळे एका घोटानं असं काही होत नाही. पण रसायन तेच आहे आणि काम करण्याची पद्धतही तीच.

दगड विरघळतो कसा

इनॅमल हे आपल्या शरीरातलं सगळ्यात कठीण द्रव्य. वजनानं त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. त्या खनिजाचं नाव हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. नाव एकदा वाचून सोडून दिलं तरी चालेल, घटक मात्र लक्षात ठेवा: कॅल्शियम आणि फॉस्फेट. हेच दोन घटक लाळेतही विरघळलेले असतात, तेही भरपूर.

भर गर्दीची बस डोळ्यांसमोर आणा. आत पाऊल ठेवायला जागा नसेल तर स्टॉपवरचे लोक चढू शकत नाहीत. लाळ ही अशी भरलेली बस आहे. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं दाटलेलं असतं की दातातलं खनिज सुटून तिच्यात यायला जागाच नसते. उलट लाळेतलंच थोडं दातावर बसतं. आम्ल येतं तेव्हा ते या बसमधल्या फॉस्फेटला जाऊन चिकटतं आणि त्याचं रूप बदलतं. बदललेल्या रूपातलं फॉस्फेट दाताच्या स्फटिकात बसू शकत नाही, म्हणजे हिशेबात ती सीट रिकामी झाली. सीट रिकामी झाली की स्टॉपवरचा प्रवासी चढतो, म्हणजे दातातलं खनिज सुटून लाळेत येतं.

इथे एक गंमत आहे. कोलात घातलेलं आम्ल फॉस्फोरिक, म्हणजे त्यात फॉस्फेट आहेच. मग दाताचाच घटक असलेलं पेय दाताला पोषक ठरायला नको का? नाही. अडीच पीएचला ते फॉस्फेट त्याच बदललेल्या, बिनकामाच्या रूपात असतं आणि जोडीला लागणारं कॅल्शियम कोलात जवळजवळ नसतंच.

दही बघा. दह्याचा पीएच चारच्या आसपास, म्हणजे साडेपाचच्या चांगलाच खाली. नियमानं त्यानंही दात झिजायला हवेत. झिजत नाहीत, कारण दह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट ठासून भरलेलं असतं. बस आंबट झाली तरी गच्चच राहिली. म्हणजे साडेपाच हा आकडा काही दगडावरची रेघ नव्हे. पेयात काय विरघळलेलं आहे त्यावर ती सीमा वरखाली सरकते. दातात फ्लोराइड मुरलेलं असेल तर खनिज थोडं चिवट बनतं आणि सीमा आणखी खाली, साडेचारच्या आसपास जाते. कोलाच्या अडीचपुढे मात्र फ्लोराइडची ढालही अपुरी पडते.

एक बाटली, दोन माणसं

आता पेला सोडून तोंडात येऊ. तीनशे मिलिलिटरची एक बाटली घ्या. पहिला माणूस ती जेवताना दहा मिनिटांत संपवतो. दुसरा संगणकापुढे बसून तीच बाटली तीन तास पुरवतो, दर चार-पाच मिनिटांनी एक छोटा घोट. आम्ल तेवढंच, साखर तेवढीच, बाटलीही तीच.

घोट गिळला की तोंडात मागे साधारण पाऊण-एक मिलिलिटर द्रव उरतो. आंबट चव लागताच लाळग्रंथी जाग्या होतात. एरवी मिनिटाला सुमारे अर्धा मिलिलिटरपेक्षाही कमी पाझरणारी लाळ आता मिनिटाला एक-दोन मिलिलिटर सुटते. या वेगानं सुटलेल्या लाळेत बायकार्बोनेटही जास्त असतं. खाण्याच्या सोड्यात जे असतं तेच, आणि ते आम्ल मारतं. कोलातलं आम्ल तीव्र असलं तरी प्रमाणानं थोडं आहे, त्यामुळे उरलेला तो एक मिलिलिटर निवायला फार लाळ लागत नाही. निरोगी तोंडात दातावरचा पीएच दोन-तीन मिनिटांत साडेपाचच्या वर येतो.

ढोबळ हिशेब करू. पहिल्या माणसाचे घोट लागोपाठ आहेत, त्यामुळे त्यांची आम्लवेळ एकात एक मिसळते: दहा मिनिटं पिण्याची, वर तीन मिनिटं निवण्याची, एकूण तेरा. दुसऱ्याचे तीन तासांत समजा चाळीस घोट झाले. प्रत्येकामागे दोन मिनिटं धरली तरी ऐंशी मिनिटं. तीन धरली तर दोन तास. म्हणजे तेवढ्याच कोलात दुसऱ्याच्या दातांना आम्लाचा सहा ते नऊपट सहवास घडला. शिवाय साखर आहेच, तिचा हिशेब पुढे.

म्हणून ‘दिवसाला किती पिता’ यापेक्षा ‘किती वेळ पीत बसता’ हा प्रश्न दातांना जास्त महत्त्वाचा. गिळण्याआधी घोट तोंडात घोळवण्याची सवय असणाऱ्यांचे, बाटली उशाशी ठेवून रात्री मधूनमधून घोट घेणाऱ्यांचे दात आधी बोलतात. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे रात्रीच्या शेवटच्या घोटाला दोन-तीन मिनिटांचा नियम लागूच होत नाही. उन्हात धावून घसा कोरडा पडलेला असताना घेतलेल्या कोलाचंही तेच: लाळ कमी, आम्ल जास्त वेळ. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, त्यांच्या बाबतीतही हा हिशेब बिघडतो.

स्ट्रॉनं फरक पडतो, पण तिचं टोक दातांच्या मागे जात असेल तरच. ओठात धरून चोखली तर धार थेट पुढच्या दातांवर येते. प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरणं हा त्याहून खात्रीचा उपाय.

‘आम्ही डाएट कोला पितो’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दात किडणं वेगळं, दात झिजणं वेगळं.

किडीत जंतू असतात. ते साखर खातात, आम्ल टाकतात आणि ते आम्ल दातावरच्या चिकट थराखाली साचून एका जागी खड्डा पाडतं. झिजेत जंतूंचा संबंध नाही. आम्ल बाहेरून येतं आणि उघडा दिसेल तेवढा दात सरसकट धुऊन नेतं. साखरेचा कोला दोन्ही करतो. घोटानंतर पेयातलं आम्ल दोन-तीन मिनिटांत निवलं, तरी जंतूंचं आम्ल त्यानंतर अर्धा तास, कधी त्याहून जास्त, चालू राहतं. दर पाच मिनिटांनी घोट घेणाऱ्या आपल्या दुसऱ्या माणसाच्या दातांना मग उसंतच मिळत नाही.

डाएट कोलानं यातली कीड टळते. झीज टळत नाही. त्याचा पीएच साध्या कोलापेक्षा थोडा वर, तीनच्या आसपास असतो, पण फॉस्फोरिक आम्ल त्यातही आहे. ‘साखर नाही म्हणजे दिवसभर चालतं’ असं समजून घोट वाढले, तर झीज उलट जास्तच होणार.

झीज ओळखायची कशी? सुरुवातीला ती दिसत नाही, किंबहुना दात छान चकचकीत दिसतात. पृष्ठभागावरचे बारीक कंगोरे धुऊन गेलेले असतात म्हणून ती चकाकी. पुढे समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक होतात. दाढांच्या टोकांवर वाटीसारखे उथळ खळगे पडतात. इनॅमल पातळ झालं की आतला पिवळसर थर, डेंटिन, डोकावतो आणि दात पिवळे पडल्यासारखे वाटतात. मग माणूस ते आणखी जोरानं घासतो. जुनं फिलिंग असेल तर ते दातापेक्षा उंच दिसू लागतं, कारण भोवतीचा दात खाली गेला, फिलिंग होतं तिथेच राहिलं. थंड पाण्यानं कळ येणं हे बरंच नंतरचं लक्षण.

एक सावधगिरी हवी. झीज मुख्यतः वरच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला असेल तर कोलावर आळ घेण्याआधी पोटातलं आम्ल वर येतं का ते तपासावं लागतं. ते कोलापेक्षाही तीव्र असू शकतं.

इनॅमल पुन्हा वाढत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपलेल्या असतात. मऊ झालेला थर लाळेतल्या कॅल्शियमनं थोडाफार पुन्हा कडक होतो, पण एकदा घासून निघालेला थर परत येत नाही. म्हणूनच कोला पिऊन लगेच ब्रश करू नये असं सांगतात. सांगितलेला अर्धा-एक तास थांबल्यानं थर पूर्ववत होतो असं मात्र नाही, ते काम हळू चालतं. आधी चूळ भरा, ब्रश नंतर, हलक्या हातानं.

गॅस उडालेला कोला निरुपद्रवी?

नाही. फेसाचं आम्ल, म्हणजे कार्बोनिक आम्ल, फार दुबळं आहे. फॉस्फोरिक आम्लानं पीएच अडीचवर आणून ठेवला की कार्बोनिक आम्लाला भर घालायला फारसं काही उरत नाही. रात्रभर उघडा राहून बेचव झालेला कोलाही जवळजवळ तेवढाच आंबट असतो. याच कारणानं नुसतं सोडा वॉटर दातांना कोलापेक्षा कितीतरी सौम्य.

आणि संत्र्याचा रस? त्याचा पीएच साडेतीनच्या वर, म्हणजे कोलापेक्षा कमी तीव्र. पण त्यातल्या आम्लाचा एकूण साठा कोलाच्या कित्येकपट मोठा असतो, त्यामुळे तो निवायला लाळ जास्त लागते. शिवाय त्यातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं. कोलाला शिव्या देत दिवसभर रस घोटणाऱ्यानं खूश व्हायचं कारण नाही.

मग हाडंही अशीच विरघळतात का

हाडांतही तेच खनिज आहे, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. पण हाडाला कोला शिवतच नाही. घोट पोटात जातो, तिथला पीएच आधीच दीड ते साडेतीन असतो. कोला तिथे गेल्यानं पोट काही आणखी आंबट होत नाही. पुढे रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्टीत धरून ठेवतं. कोला पिऊन रक्त आम्लधर्मी होतं आणि हाडं वितळतात, ही कल्पना सोडून द्या.

दुसरा युक्तिवाद जास्त गंभीर आहे: कोलातलं फॉस्फरस रक्तात वाढतं, कॅल्शियमचा तोल बिघडतो आणि शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून तो सावरतं. यंत्रणा म्हणून हे खरं आहे. फॉस्फरस वाढलं की पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक वाढतं आणि ते हाडांतून कॅल्शियम काढू शकतं. पण प्रमाण पाहू. आपल्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत फॉस्फरस साधारण ५० मिलिग्रॅम. तेवढ्याच दुधात पावणेतीनशेच्या आसपास. मोठ्या माणसाची रोजची शिफारस आहे ७०० मिलिग्रॅमची. फॉस्फरसनं हाडं झिजत असती तर पहिला आरोपी दूध असतं. दूध सुटतं कारण त्याच बाटलीभर दुधात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियमही असतं, कोलात जवळजवळ शून्य.

२००१ साली रॉबर्ट हीनी आणि कॅरन रॅफर्टी यांनी नेमकं हेच तपासलं. वेगवेगळी फसफसती पेयं प्यायला देऊन त्यांनी स्त्रियांच्या लघवीतून किती कॅल्शियम जातं ते मोजलं. जास्तीचं कॅल्शियम गेलं ते कॅफीन असलेल्या पेयांनी, तेही थोडंच. कॅफीन नसलेल्या पण फॉस्फोरिक आम्ल असलेल्या पेयानं लक्षणीय फरक पडला नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की हाडांचं नुकसान होत असेल तर ते पेल्यात काय आहे यापेक्षा त्या पेल्यानं दुधाची जागा घेतली म्हणून होत असावं.

विषय इथे संपला असता. पण २००६ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या दीर्घकालीन अभ्यासातून निघालेल्या निष्कर्षांनी तो पुन्हा उघडला. अडीच हजारांवर स्त्रीपुरुषांच्या हाडांची घनता तपासली तेव्हा रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांची खुब्याच्या हाडाची घनता, क्वचित पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे चार टक्के कमी निघाली. पुरुषांत असं दिसलं नाही. मणक्यातही दिसलं नाही. आणि कोला सोडून इतर फसफसत्या पेयांशी काही संबंध आढळला नाही, हे खास लक्षात घेण्यासारखं. आहारातल्या कॅल्शियमचं प्रमाण हिशेबात धरूनही फरक राहिला.

मला हा अभ्यास अर्धवट पटतो. कोला वेगळा पडतो याचा अर्थ फक्त ‘दूध सुटलं’ एवढ्यावर सगळं भागत नाही, कारण दूध इतर पेयांनीही सुटतं. पण हा प्रयोग नव्हता, लोकांना ‘काय पिता’ असं विचारून जुळवलेला संबंध होता. रोज कोला पिणाऱ्यांच्या राहणीत दुसरंही काही वेगळं असू शकतं आणि ते सगळं हिशेबात धरता येत नाही. आज एवढंच म्हणता येतं: जेवणात कॅल्शियम पुरेसं असेल तर अधूनमधून घेतलेल्या बाटलीनं हाड ठिसूळ होतं असं कुणी दाखवलेलं नाही. कॅल्शियम आधीच कमी आणि रोज कोला, त्यातही वाढत्या वयातली मुलगी किंवा पाळी थांबलेली स्त्री, तर काळजीला कारण आहे. दूध सोडून कोला हा मुलांच्या बाबतीत दुहेरी तोटा, कारण हाडांचा साठा विशी-तिशीपर्यंतच भरायचा असतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर

वरचा सगळा दिलासा निरोगी मूत्रपिंडांच्या भरवशावर आहे. जास्तीचं फॉस्फरस लघवीतून बाहेर टाकणं हे त्यांचं काम. ती अशक्त झाली की फॉस्फरस रक्तात साचतं आणि मग पॅराथायरॉइडची ती यंत्रणा, जी निरोगी माणसात नाममात्र चालते, दिवसरात्र चालू राहते. हाडांतून खरोखरच कॅल्शियम जातं आणि ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचू शकतं.

अशा रुग्णाला ५० मिलिग्रॅमचा आकडा फसवतो. डाळी आणि धान्यांतलं फॉस्फरस आपल्या आतड्यात निम्म्याच्या आसपासच शोषलं जातं, कारण ते इतर रेणूंत अडकलेलं असतं. कोलातलं मोकळं असतं, विरघळलेलं असतं आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास रक्तात जातं. म्हणून मूत्रपिंडाचे डॉक्टर गडद रंगाचा कोला बंद करायला सांगतात, पण लिंबाच्या चवीचं रंगहीन फसफसतं पेय त्यांच्या यादीत तेवढं वर नसतं, कारण त्यात बहुधा सायट्रिक आम्ल असतं.

बाटलीवर फॉस्फरस किती मिलिग्रॅम हे सहसा छापलेलं नसतं. घटकांच्या यादीत ‘आम्लता नियामक’ या शब्दापुढे 338 हा आकडा शोधायचा. तेच फॉस्फोरिक आम्ल.